डोके स्थिर, हात फिरता : वृद्ध वडिलांचे केस घरी कापताना

सलूनमधील खुर्ची वर उचलता येते, फिरवता येते, मागे कलवता येते, आणि तिच्यात बसलेला माणूस न्हाव्याच्या बोटाच्या नुसत्या स्पर्शाने मान खाली घालतो, डावीकडे वळवतो किंवा हनुवटी वर करतो. कापणाऱ्याला एका जागी ताठ उभे राहून काम करता यावे, यासाठीच ही सगळी व्यवस्था असते. ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र या व्यवस्थेचा आधारच निघून जातो, कारण मानेच्या मणक्यांमधील चकत्या वयानुसार सुकून चपट्या होतात, मणक्यांचे लहान सांधे झिजतात आणि मान पूर्वीसारखी कोणत्याही दिशेला हवी तेवढी वळत नाही. या झिजेला वैद्यकीय भाषेत ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ म्हणतात आणि ती उतारवयात कमीअधिक प्रमाणात बहुतेकांना असते. म्हणून वृद्ध आईवडिलांचे केस घरी कापताना सलूनमधील नियम उलटा करावा लागतो. त्यांचे डोके जेथे सुखाने स्थिर आहे तेथेच राहू द्यायचे, आणि कापणाऱ्याचे शरीर, कंगव्याचा कोन व कात्रीची दिशा त्या डोक्याभोवती फिरवायची. आसन, पांघरूण आणि कात्री या तिन्ही गोष्टींतील पुढचा सगळा तपशील या एकाच नियमातून येतो.

हा नियम महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. बलुतेदारीच्या काळात न्हावी आपली धोकटी घेऊन घरी येई, ओट्यावर किंवा अंगणात समोरासमोर बसून हजामत करी, आणि दोघेही एकाच उंचीवर असल्यामुळे डोक्याच्या सोयीप्रमाणे न्हावीच सरकत असे. आज वृद्धांच्या गुडघ्यांना जमिनीवर बसणे झेपत नाही, त्यामुळे ते खुर्चीवर बसतात. परंतु कापणाऱ्याने त्यांच्या उंचीवर यायचे, ही त्या पद्धतीतील गोष्ट आजही तितकीच उपयोगाची आहे.

मान मागे झुकवण्याबद्दल एक इशारा आधीच द्यायला हवा. मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांमधून दोन्ही बाजूंनी एकेक रक्तवाहिनी वर मेंदूच्या मागच्या भागाकडे जाते. तिला कशेरुका धमनी म्हणतात. मान बराच वेळ मागे झुकलेली राहिली, तर झिजलेल्या मणक्यांपाशी ही वाहिनी दाबली जाण्याची किंवा तिच्या आतल्या पापुद्र्याला इजा होण्याची शक्यता असते. अमेरिकेतील चेताविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये, केस धुण्याच्या बेसिनवर मान मागे टाकल्यानंतर पक्षाघाताची लक्षणे दिसलेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या प्रकाराला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक सिंड्रोम’ असे नाव पडले. हा प्रकार विरळ आहे. तरीही घरी केस ओले करण्यासाठी वृद्धांची मान बेसिनवर किंवा बादलीवर मागे टाकण्याचे काहीच कारण नसते, कारण पाण्याच्या फवाऱ्याने तेच काम बसल्याजागी होते. कापताना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा दोन प्रतिमा दिसणे, बोलण्यात जडपणा असे काही जाणवले, तर काम तेथेच थांबवावे आणि अशा वेळी थोडे बरे वाटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुढील विवेचनासाठी एक ठरावीक उदाहरण समोर ठेवणे सोयीचे होईल. वडील ८२ वर्षांचे आहेत, पाठीला पोक आहे, हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू आहे, एका कानात श्रवणयंत्र आहे आणि डोक्यावरचे केस टाळूवर विरळ, तर बाजूंना व मागे बऱ्यापैकी दाट आहेत. सलूनमध्ये जाणे आता होत नाही, दीड महिन्याचे केस वाढलेले आहेत आणि ते कानावर येऊन श्रवणयंत्रात अडकू लागले आहेत.

खुर्ची निवडताना तिला हात असावेत, पाठ सरळ असावी, चारही पाय जमिनीला पक्के टेकलेले असावेत आणि तिला चाके नसावीत. सोफा चालत नाही, कारण त्यात शरीर रुतते, कंबर मागे घसरते आणि पोक आणखी वाढून हनुवटी छातीवर येते. प्लास्टिकच्या हलक्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात किंवा सरकतात. वडील उठताना खुर्चीच्या हातांवर भार देतात नेमके तेव्हाच ती दगा देते. चाकांची खुर्ची वापरणे अपरिहार्य असेल, तर दोन्ही ब्रेक लावून ती हाताने हलवून पाहावी. बैठकीची उंची अशी हवी की दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. बहुतेकांना ४२ ते ४६ सेंटिमीटर उंची पुरते. पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट ठेवता येतो, मात्र वडील उठण्यापूर्वी तो आठवणीने काढावा लागतो. कमरेच्या मागच्या खोलगट भागात लहान उशी किंवा घडी केलेला टॉवेल दिला की पाठीला आधार मिळतो, आणि पाठीला आधार मिळाला की मान आपोआप थोडी सैल होते.

पोक असलेल्या माणसाच्या मानेची ठेवण नीट पाहिल्याशिवाय कात्री हाती घेऊ नये. पाठ पुढे वाकली की समोर पाहता यावे म्हणून माणूस नकळत मानेचा वरचा भाग मागे मोडतो. त्यामुळे डोक्याचा मागचा भाग खांद्यांजवळ येतो आणि मानगुटीवर एक घडी पडते, जिच्यात खालचे केस दडून बसतात. अनुभव नसलेला माणूस अशा वेळी डोक्यावर हात ठेवून ते पुढे दाबतो, आणि वडील “दुखतंय रे” म्हणाले नाहीत तरी त्यांचे खांदे वर उचलले जातात, बोटे खुर्चीच्या हातांवर आवळली जातात. यावर उपाय आहे तो मान न हलवता धड कलवण्याचा. वडिलांसमोर जेवणाचे टेबल सरकवावे, त्यावर एक जाड उशी ठेवावी आणि त्यांना दोन्ही कोपर व हात उशीवर टेकवून कमरेतून पुढे यायला सांगावे. धड कमरेच्या सांध्यातून पुढे कलते, नजर आपोआप टेबलाकडे जाते, समोर पाहण्यासाठी मान मागे मोडण्याची गरज उरत नाही आणि मानगुटीची घडी जोर न लावता उलगडते. या स्थितीत चार-पाच मिनिटांहून अधिक काळ ठेवू नये. मागचे खालचे केस झाले की त्यांना पुन्हा पाठीला टेकून बसू द्यावे. श्वासाचा त्रास असलेल्यांना किंवा नुकतेच जेवलेल्यांना ही बैठक नको. त्यांच्या बाबतीत घडीतले केस दोन मिलिमीटर लांब राहिले तरी बिघडत नाही.

कापणाऱ्याचे आसन याहून दुर्लक्षित असते. उभ्या माणसाची नजर बसलेल्या माणसाच्या मानगुटीवर वरून तिरकी पडते, त्यामुळे सरळ वाटणारी रेघ प्रत्यक्षात एका बाजूला उतरती होते, आणि ती दुरुस्त करताना केस आखूड होत जातात. म्हणून मागचे केस कापताना कापणाऱ्याने स्टुलावर बसावे, म्हणजे डोळे मानगुटीच्या समोर येतात. टाळूवरचे केस कापताना तेवढे उभे राहावे. पुढचे केस व भुवया यांसाठी समोर खुर्ची ओढून समोरासमोर बसावे. त्याचा आणखी एक फायदा असा की कमी ऐकू येणाऱ्या वडिलांना बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. प्रकाश बाजूच्या खिडकीतून यावा. समोरून आला तर वडिलांचे डोळे मिचकतात, आणि मागून आला तर कापणाऱ्याची सावली नेमकी कात्रीवर पडते.

वेळ सकाळची, नाश्ता आणि औषधे झाल्यावरची चांगली, आणि त्याआधी लघवीला जाऊन आलेले असावे. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आजार असेल, तर गोळीचा असर पूर्ण चढलेला असताना हालचाल सुटी असते व थरथर कमी असते. तो तास घरच्यांना बहुधा ठाऊक असतो, तोच निवडावा. केस कापून झाल्यावर आंघोळ करण्याची आपल्याकडील रीत येथे कामाला येते, म्हणून काम आंघोळीच्या आधी ठेवावे. काही ज्येष्ठांना शनिवारी किंवा अमावास्येला केस कापलेले चालत नाहीत. अशा वेळी वाद न घालता दुसरा दिवस घ्यावा, कारण मनाविरुद्ध बसलेला माणूस मान सैल सोडत नाही.

पांघरूण घालण्यापूर्वी कपडे बदलावेत. पुढून बटणांचा, जुना, सैल सदरा घालावा. गळ्यातून काढावा लागणारा बनियन किंवा टी-शर्ट नको, कारण तो नंतर काढताना अडकलेले केस चेहऱ्यावर व डोळ्यांत जातात आणि खांदे वर उचलावे लागतात. चष्मा काढून डबीत ठेवावा. श्रवणयंत्र पाण्याने बिघडते म्हणून तेही काढावे लागते, पण ते काढण्यापूर्वी खुणा ठरवून घ्याव्यात. खांद्यावर दोनदा थोपटले म्हणजे ‘आता थांबतो’, आणि वडिलांनी हात वर केला म्हणजे ‘थांब’, एवढे पुरते. कवळी मात्र तोंडातच राहू द्यावी, कारण ती काढल्यावर गाल व जबड्याची ठेवण बदलते आणि कल्ल्यांची उंची चुकते.

सलूनमधील चकचकीत नायलॉनचे कापड घरी आणण्याची गरज नसते. त्यावरून केस घसरतात खरे, पण ते घसरून मांडीवर आणि पायांशी जमतात, कापड अंगाशी उबते आणि गळ्याशी घट्ट आवळल्याशिवाय जागेवर राहत नाही. जुने धुवट सुती धोतर किंवा पातळ चादर अधिक चांगली, कारण सुती कापडाच्या विणीत केस धरले जातात. आधी मऊ सुती पंचाची चार बोटे रुंद घडी करून ती मानेभोवती सैल गुंडाळावी, त्यावर चादर पुढून घेऊन मागे आणावी आणि कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवावी, मग पंचाची वरची कड चादरीवर उलटी दुमडावी. या दुमडलेल्या कडेमुळे केस चादर आणि त्वचा यांच्या फटीत शिरत नाहीत, आणि चादरीची खरखरीत कड थेट मानेला लागत नाही. चिमटा लावल्यावर मानेच्या पुढच्या बाजूला दोन बोटे सहज जातात का ते पाहावे, आणि वडिलांना एक घोट पाणी गिळायला सांगावे. गिळताना काही टोचले किंवा दाटले तर लगेच सैल करावे.

पोक असलेल्या पाठीवर चादर मागून वर चढते, पुढे ओढली जाते आणि कंठमण्याशी दाब येतो. हे टाळण्यासाठी मागची कड सदऱ्याच्या पाठीला दोन चिमट्यांनी पकडून ठेवावी, म्हणजे चादरीचा भार गळ्यावर न पडता सदऱ्यावर पडतो. हात चादरीच्या आत ठेवायचे की बाहेर, हे माणूस पाहून ठरवावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला हात झाकले गेले की बांधल्यासारखे वाटते, तो घाबरतो आणि चादर ओढू लागतो. त्याच्यासाठी फक्त खांद्यांवर टॉवेल टाकावा, हात मोकळे ठेवावेत आणि त्या हातात रुमाल किंवा जपमाळ यांसारखी ओळखीची वस्तू द्यावी. अंगावर जास्त केस पडतील, ते आंघोळीत निघतील.

फरशीवर वर्तमानपत्रे पसरण्याची सवय मोडावी. गुळगुळीत फरशीवर कागद सरकतो, त्यावर पडलेले केस आणखी निसरडे होतात, आणि चादर पसरली तर तिच्या घडीत पाय अडकतो. फरशी उघडी ठेवून, वडील उठण्यापूर्वी केरसुणीने ती झाडून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

कात्रीच्या बाबतीत पहिली अट अशी की ती केसांचीच असावी. कागदाच्या किंवा शिवणकामाच्या कात्रीची पाती जाड असतात आणि बारीक केस त्यांच्यात कापला जाण्याऐवजी मुडपून अडकतो, मग कात्री उचलताना तो मुळापासून ओढला जातो. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूंचे वेटोळे असते, म्हणून वेदना केसाला नव्हे, तर या ओढीला असते. साडेपाच ते सहा इंची, शक्यतो बोथट टोकांची, केस कापण्याची कात्री घ्यावी. तिची धार ओल्या टिश्यू पेपरवर तपासता येते. धार चांगली असेल तर कागद स्वच्छ कापला जातो, बोथट असेल तर तो मुडपतो किंवा फाटतो. दोन्ही पात्यांना जोडणारा स्क्रूही पाहावा. कात्री टोके वर करून एका कडीने धरावी, दुसरे पाते काटकोनात उघडून सोडावे. ते थोडे मिटून मध्येच थांबले तर स्क्रू ठीक आहे, धाडकन पूर्ण मिटले तर तो सैल आहे, आणि जागचे हललेच नाही तर अति घट्ट आहे. सैल स्क्रूची कात्री धारदार असूनही केस ओढते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

कात्रीच्या एका कडीत अंगठा आणि दुसरीत अनामिका घालावी. अनामिकेच्या बाजूचे पाते स्थिर राहते आणि अंगठ्याच्या बाजूचे तेवढे हलते. कापताना मनगट स्थिर व अंगठाच चालता, ही सवय आधी हवेत पाच-दहा वेळा करून घ्यावी. दोन्ही पाती एकदम हलली की टोक कोठे जाईल याचा भरवसा राहत नाही. केस कोमट पाण्याच्या फवाऱ्याने दमट करावेत, निथळते ओले नव्हेत. थंड पाण्याने अंग एकदम आकसते आणि मान ताठ होते. ओला केस ताणला की लांबतो व वाळल्यावर पुन्हा आखडतो, म्हणून हव्या त्या लांबीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त ठेवूनच कापायचे, आणि वाळल्यावर उरलेले पाहायचे.

न्हाव्यांची ‘कंगव्यावरून कात्री’ ही पद्धत वृद्धांसाठी सर्वांत योग्य आहे, कारण तिच्यात कात्री आणि त्वचा यांच्यामध्ये कंगवा कायम राहतो. उतारवयात त्वचेचा बाहेरचा थर आणि आतला थर यांना एकमेकांत गुंतवणाऱ्या वळ्या सपाट होतात, त्यामुळे वरचा थर थोड्या घर्षणानेही सुटतो. मानगूट आणि कानामागची त्वचा तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते. कंगवा हे तिचे कवच आहे. मानगुटीच्या खालच्या कडेशी कंगवा दाते वर करून त्वचेला हलका टेकवावा, केसांत घालून वर न्यावा आणि त्याचे दाते त्वचेपासून दूर कलवावेत. दात्यांमधून बाहेर आलेले केस तेवढे कापायचे. स्थिर पाते कंगव्याला समांतर ठेवून अंगठा चालवायचा. केसांची लांबी कात्रीने ठरत नाही, कंगवा त्वचेपासून किती दूर आहे त्यावर ठरते. डोक्याचा मागचा भाग वर गोलाकार फुगत जातो, तसतसा कंगवा अधिक बाहेर यायला हवा, नाही तर त्या उंचवट्यावर टक्कल पडल्यासारखा डाग दिसतो.

कुशल न्हावी कंगवा सतत वर सरकवत कात्रीही अखंड चालवतो. घरी कापणाऱ्याने तसे करू नये. कंगवा थांबवावा, बाहेर आलेले केस कापावेत, कात्री मिटून दूर न्यावी आणि मगच कंगवा एक बोट वर सरकवावा. याने वेळ अधिक लागतो, पण डोके अचानक हलले तरी उघडी कात्री जवळ नसते. दर वेळी थोडेच केस घ्यावेत, पात्याच्या मधल्या भागाने कापावेत. एकदम पुष्कळ केस कापले की पांढऱ्या केसांत पायऱ्या उठून दिसतात. त्या दिसल्या तर आणखी आखूड कापायचे नाही, त्याच जागी कंगवा तिरका धरून पायरीची कड तेवढी उतरवायची. मान किंवा डोके थरथरत असेल, तर कंगवा धरलेल्या हाताची करंगळी वडिलांच्या डोक्यावर हलकी टेकवून ठेवावी आणि कात्रीच्या हाताचे मनगट त्या हातावर विसावू द्यावे, म्हणजे डोके हलेल तसे दोन्ही हात त्याच्यासह हलतील. डोके धरून थरथर थांबवायचा प्रयत्न केला तर ती वाढते.

उदाहरणातल्या वडिलांचे केस कापताना क्रम असा ठेवणे बरे : आधी कान, मग मागचा भाग, मग बाजू, शेवटी टाळू. त्रासाचे मूळ कानावरचे केस आहेत, आणि वडील दहा मिनिटांत थकले तरी ते काम झालेले राहते. डाव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांनी कानाची पाळी मागून पुढे हलकेच झाकून घ्यावी. ओढू नये, दुमडू नये. कंगव्याने केस कानापासून दूर विंचरावेत आणि कात्रीचे टोक कानापासून दूर, मागच्या दिशेला ठेवून थोडे थोडे छाटावेत. श्रवणयंत्राचा हूक जेथे बसतो, त्या खाचेत त्वचा लाल किंवा सोललेली आहे का, हेही याच वेळी दिसते. दोन्ही कल्ले समोरून पाहून, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या पातळीशी ताडून सारखे करावेत. कानाशी ताडू नयेत, कारण पुष्कळांचे दोन कान एका उंचीवर नसतात.

बाजूंचे केस अडीच-तीन सेंटिमीटर राहू द्यावेत, त्याहून बारीक केले तर विरळ जागी त्वचा चमकते. टाळूवरचे केस बोटांत धरून कापावेत. तर्जनी व मधले बोट यांच्यात एक पातळ बट धरून ती किंचित वर घ्यावी, ताणू नये, आणि बोटांच्या वरच्या बाजूने टोके कापावीत. आधी कापलेल्या बटेतील थोडे केस पुढच्या बटेत सोबत घेतले की लांबीचे माप हातात राहते. भोवऱ्याजवळ, म्हणजे केस गोल फिरून उभे राहतात तेथे, अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवावे, नाही तर तेथील केस ताठ उभे राहतात. पुढचे केस कापताना वडिलांना डोळे मिटायला सांगून डाव्या हाताचा तळवा भुवयांवर आडवा धरावा. लांब भुवया कंगव्यावर उचलून कंगव्याबाहेर आलेल्या तेवढ्याच छाटाव्यात. कानाच्या आतील केसांना कात्री लावू नये.

एवढे करूनही कात्री लागली, तर घाबरण्याचे कारण नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे रक्त थांबायला वेळ लागतो. स्वच्छ सुती कापड ठेवून दहा मिनिटे सलग दाबावे आणि थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला उचलू नये, कारण उचलताच नुकती धरलेली गुठळी निघते. न्हाव्याची तुरटी ओरखड्याला चालते, पण पातळ सोललेल्या त्वचेवर ती झोंबते. दहा-पंधरा मिनिटांच्या दाबाने रक्त थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक लक्षण कंगव्यामुळेच कळते. कंगवा लागताच कानशिलावर किंवा टाळूवर पूर्वी नसलेली वेदना होत असेल आणि सोबत नवी डोकेदुखी, घास चावताना जबडा दुखणे किंवा नजर अंधूक होणे असेल, तर तो कानशिलाच्या धमनीचा दाह असू शकतो. त्याने दृष्टी जाण्याचा धोका असल्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आईच्या बाबतीत बहुधा प्रश्न वेगळा असतो. हात खांद्यांच्या वर जात नाहीत, वेणी घालता येत नाही, अंबाड्याच्या काट्यांनी उशीवर डोके टोचते, तरी लांब केस कापून टाकणे तिला नको असते. अशा वेळी एकदम बॉबकटवर न जाता खांद्याच्या खाली चार बोटांपर्यंत केस ठेवावेत, म्हणजे सैल वेणी येते आणि गुंता कमी होतो. गुंता टोकांकडून मुळांकडे, गुंत्याच्या वर केस मुठीत घट्ट धरून सोडवावा, त्यामुळे ओढ मुठीपाशी थांबते आणि टाळूपर्यंत जात नाही. लांब केस कापताना तिला नजर सरळ समोर ठेवू द्यावी. मान खाली घातली तर मागचे केस वर चढतात आणि ती सरळ बसल्यावर कड कमानीसारखी वाकडी दिसते. डोके न हलवण्याचा नियम येथे केवळ सुखासाठी नव्हे, रेघ सरळ येण्यासाठीही पाळावा लागतो.

काम झाल्यावर चादर तशीच ठेवून आधी कोरड्या मऊ ब्रशने मान व कान झटकावेत. पावडर लावायची तर ती कापडावर घेऊन मानेला टिपावी, चेहऱ्याजवळ उडवू नये, कारण ती श्वासात जाते. मग मागचे चिमटे काढून चादरीच्या कडा आत दुमडत ती पुढून उचलावी, पंचा शेवटी काढावा, फरशी झाडावी, पाट बाजूला करावा, आणि चष्मा व श्रवणयंत्र परत दिल्याशिवाय वडिलांना उठवू नये. बराच वेळ बसून उठताना रक्त पायांकडे उतरते व रक्तदाब खाली येतो. म्हणून आधी बसल्याजागी पावले वर-खाली आठ-दहा वेळा हलवावीत, मग उभे राहून खुर्ची धरून मिनिटभर थांबावे, आणि नंतरच न्हाणीघराकडे चालावे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पाच ते सहा आठवड्यांनी पूर्ण काम पुन्हा करावे लागते. त्याच्या मध्यावर, तिसऱ्या आठवड्यात, केवळ कानाभोवतीचे आणि मानगुटीचे केस कोरडेच, खांद्यावर नुसता टॉवेल टाकून पाच मिनिटांत छाटले तर श्रवणयंत्राची अडचण परत येत नाही आणि टेबल-उशीची बैठकही बहुतेक वेळा लागत नाही.